भिंतीवरचे नियम की माणसाची गोष्ट? मुलं नेमकं कशातून शिकतात, समजून घ्या

कबनूर : इचलकरंजीला खेटून असलेल्या आपल्या गावात कुठल्याही शाळेत डोकावलं, तर भिंतीवर एक यादी हमखास दिसते. खरे बोलावे. भेदभाव करू नये. मोठ्यांचा मान राखावा. मुलांना ती तोंडपाठ असते. तरीही गृहपाठाची वही घरी विसरलो, ही थाप रोज मारली जातेच. मग शिक्षक नियम पुन्हा मोठ्याने म्हणवून घेतात.

पण यादी पाठ असणं आणि तसं वागणं, या दोन गोष्टींत एवढं अंतर का पडतं? यावर मानसशास्त्रात प्रयोग झाले आहेत. त्यातला एक इथे नीट समजून घेऊ.

पाठीमागचं खेळणं

टोरांटो विद्यापीठातले कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ३ ते ७ वर्षांची २६८ मुलं होती. खेळ सोपा होता. मुलाच्या पाठीमागे एक खेळणं ठेवायचं, त्याचा आवाज ऐकवायचा आणि मुलाने ते ओळखायचं. नंतर एक खेळणं मुद्दाम असं निवडलं, की आवाजावरून ओळखताच येऊ नये. तेवढ्यात संशोधक म्हणते, मी जरा बाहेर जाऊन येते, वळून बघायचं नाही हं. छुपा कॅमेरा सुरूच असतो.

बहुतेक मुलं वळून बघतात. इथे थांबून विचार करा. नियम अगदी स्पष्ट होता, मिनिटभरापूर्वीच सांगितला होता आणि मुलाला तो समजलाही होता. तरीही पाळला गेला नाही.

संशोधक परत येते, खेळणं झाकते आणि मुलाला एक गोष्ट वाचून दाखवते. कुणाला पिनोकिओची, म्हणजे खोटं बोललं की नाक वाढणाऱ्या बाहुल्याची. कुणाला लांडगा आला रे आला. कुणाला जॉर्ज वॉशिंग्टनची : लहानपणी त्याने वडिलांचं चेरीचं झाड तोडलं, वडिलांनी विचारल्यावर कबूल केलं आणि खरं बोलल्याबद्दल वडिलांनी त्याचं कौतुक केलं. काहींना ससा-कासवाची, जिचा खरंखोटं बोलण्याशी संबंध नाही. मग प्रश्न येतो : तू वळून बघितलंस का?

पिनोकिओ आणि लांडग्याच्या गोष्टीचा काहीच उपयोग झाला नाही. त्या ऐकलेली मुलं ससा-कासव ऐकलेल्या मुलांइतकीच खोटं बोलली. वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी मात्र जास्त प्रमाणात कबुली दिली.

संशोधकांनी पुढची पायरीही तपासली. वॉशिंग्टनच्या गोष्टीचा शेवट बदलून त्यांनी ती शिक्षेची गोष्ट केली, आणि परिणाम नाहीसा झाला. म्हणजे फरक नावाने पडला नव्हता. चूक झाल्यावर खरं बोलणारा माणूस कसा वागतो आणि त्यानंतर त्याच्याशी लोक कसे वागतात, हे मुलांना दिसलं होतं. खोटं बोललं की वाईट होतं, हे मुलांना आधीच माहीत असतं. पकडले गेल्यावर तोंडातून पहिलं वाक्य कोणतं काढायचं, ते माहीत नसतं.

गंमत म्हणजे ही चेरीची गोष्ट इतिहास नाही. मेसन वीम्स नावाच्या चरित्रकाराने ती १८०६ च्या आवृत्तीत घातली. आपल्याला मात्र रचलेल्या गोष्टींकडे जायची गरज नाही.

भाऊसिंगजी रोडवरचा चहा

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये हुकूम काढले : शाळा, दवाखाने, पाणवठे अशा सार्वजनिक जागी अस्पृश्यता पाळायची नाही. हा झाला नियम.

त्याच सुमाराची गंगाराम कांबळे यांची हकिकत जिल्ह्यात अजून सांगितली जाते. ते महाराजांच्या पागेत नोकरीला होते. वरच्या जातीच्या लोकांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. त्यांनी भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हॉटेल थाटलं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज तिथे आपली गाडी थांबवू लागले आणि चारचौघांसमोर तिथला चहा पिऊ लागले. सोबतच्या मंडळींनाही मग कप तोंडाला लावावाच लागला.

‘भेदभाव करू नये’ या ओळीत नसलेल्या तीन गोष्टी या हकिकतीत आहेत. काय करायचं : जाऊन चहा प्यायचा. कुठे : सगळ्यांना दिसेल तिथे. आणि लोकांच्या नजरा आपल्यावर असतील, हेही त्यातच आलं. आठवीतल्या मुलाला हे उचलता येतं. वर्गात ज्याच्या डब्याला कुणी हात लावत नाही, त्याच्या शेजारी मधल्या सुट्टीत जाऊन बसणं ही त्याच चहाची छोटी आवृत्ती आहे.

यंत्रमागावर नवा माणूसही असाच तयार होतो. धागा तुटला की काय करायचं, याचा कागद त्याला कुणी देत नाही. तो जुन्या कामगाराच्या शेजारी उभा राहून हात बघतो.

अर्थात नियम टाकाऊ ठरत नाहीत. हुकूम नसता, तर तो चहा एका राजाची मेहेरबानी म्हणून राहिला असता. पाणवठ्यावरचा हक्क हुकुमानेच मिळतो. फक्त हक्क देणारा कागद माणसाची सवय बदलेलच, असं नाही. शिवाय टोरांटोच्या प्रयोगात नियमांची यादी आणि गोष्ट यांची थेट स्पर्धा लावली नव्हती, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. त्याने एवढं दाखवलं की कोणत्या प्रकारची गोष्ट लागू पडते.

गोष्ट कुठे फसते?

पहिला धोका मखराचा. ह्येमिन हान आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना दोन प्रकारची उदाहरणं दिली. एक असामान्य थोरांची, दुसरी आपल्यासारख्या, आवाक्यातल्या माणसांची. स्वयंसेवेच्या कामात ओढण्यात दुसरी जास्त उपयोगी ठरली. २६ जूनच्या भाषणांत नेमका उलटा प्रकार होतो. महाराज एवढे उंच नेऊन ठेवले जातात, की मुलाच्या मनात येतं, ते राजे होते, आपण कोण? म्हणून त्याच गोष्टीतले गंगारामही तितकेच रंगवून सांगायला हवेत. मार खाल्ल्यावर त्याच शहरात, भर रस्त्यावर हॉटेल काढायला काय लागलं असेल?

दुसरा धोका प्राण्यांचा. टोरांटोतच ४ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन रूपांत वाचून दाखवली, एकात माणसं आणि दुसऱ्यात कपडे घातलेले प्राणी. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर आपले स्टिकर जास्त वाटले, प्राण्यांची ऐकलेल्यांनी नाही. कोल्हा-कावळ्याची मजा आहेच, पण परिपाठाची बोधकथा रोज जंगलातूनच का यावी?

तिसरा धोका ‘तात्पर्य’ या शब्दाचा. मोठ्यांना स्पष्ट दिसणारं सार लहान मुलांना बऱ्याचदा दिसतच नाही. ती दुसरंच काही उचलतात. फळ्यावर तात्पर्य लिहून दिलं, की मूल ती ओळ पाठ करतं आणि आपण परत भिंतीवरच्या यादीपाशी येतो.

पोहोचली की नाही, हे तपासणं सोपं आहे. मुलाला सांगा, ही गोष्ट धाकट्या भावंडाला तुझ्या शब्दांत सांग, आणि बाजूला बसून ऐका. ‘महाराज फार महान होते’ एवढंच आलं, तर ते जयंतीचं भाषण आहे. ‘कुणी येत नव्हतं, म्हणून ते मुद्दाम तिथेच गेले’ असं आलं, तर पुढे विचारा : तुझ्या वर्गात असं कोण आहे, ज्याच्याकडे कुणी जात नाही?