सिंकखाली बसणाऱ्याच्या नजरेतून

आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींसाठी मी पहिलं कार्ड लिहिलं तेव्हा त्यात एक ओळ होती: ‘सिंकखालचा पेला घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून काढा.’ ही ओळ बरोबर आहे याबद्दल मला शंकाच नव्हती. डब्याचं झाकण, बाटलीचं बूच, नळाचा नट, सगळं आपण असंच उघडतो. एका दुपारी सिंक तुंबलं. मावशींनी कार्ड वाचलं, खाली बसल्या, हात घातला आणि वरून पाहत पेला घड्याळाच्या उलट फिरवला. तो हलेना. त्यांनी ओल्या फडक्याने धरून आणखी जोर लावला. “ताई, हा तर घट्टच होतोय,” असं त्या म्हणाल्या, तेवढ्यात पेल्याला तडा गेला आणि काळं पाणी कपाटात पसरलं.

चूक कार्डाची होती. पेला खालच्या बाजूने चढवलेला असतो. त्याच्या तळाकडून पाहिलं, तर तो घड्याळाच्या उलट फिरवल्यावर सुटतो. वरून पाहणाऱ्याला मात्र तीच फिरकी घड्याळाच्या दिशेने दिसते. सिंकखाली हात घालून बसलेली बाई नेहमी वरूनच पाहते, तळाकडून कधीच नाही. मी ती ओळ टेबलाशी बसून लिहिली होती. त्या दिवसापासून मी प्लंबरांना, शेजारच्या घरांत काम करणाऱ्या बायकांना आणि आमच्या मावशींना विचारत कार्ड पुन्हा पुन्हा लिहिलं. त्यातून जे उमगलं ते इथे मांडते.

जुन्या घरांत मोरी होती. भांडी घासणारी बसून घासायची, खरकटं डोळ्यांसमोर जाळीपाशी साचायचं आणि पाणी परसात अळवाला किंवा केळीला जायचं. तुंबलं तर काडीने मोकळं करता यायचं, कारण सारं उघडं होतं. ओट्यावरचं सिंक आलं तेव्हा भांडी उभ्याने घासता येऊ लागली, पण पाण्याची वाट कपाटाच्या दारामागे गेली. त्या वाटेवर एक वाकण आलं. गटाराचा वास घरात येऊ नये म्हणून नळीला वळण द्यायचं आणि त्या वळणात कायम थोडं पाणी अडवून ठेवायचं, ही युक्ती. लंडनमध्ये घड्याळं बनवणाऱ्या अलेक्झांडर कमिंग यांनी 1775 मध्ये शौचकुपासाठी असं वळण पेटंटात नोंदवलं. आपल्याकडे जमिनीत बसवायच्या अशाच भांड्याला अभियंतेही ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या घरातली न्हाणी अशी बांधकामाच्या पुस्तकात जाऊन बसली आहे.

सिंकखाली मुख्यतः दोन रचना दिसतात. एकीत बाटलीच्या आकाराचा ट्रॅप असतो आणि त्याच्या तळाला हाताने फिरवायचा पेला असतो. दुसरीत नुसती रिंगांची लवचीक नळी थेट जमिनीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेली असते. कार्ड लिहिण्याआधी कपाट उघडून आपल्याकडे कोणती रचना आहे ते पाहावं. दुसरी असेल तर ‘पेला काढा’ या ओळीला अर्थच उरत नाही. तिथे जमिनीवरची जाळी उचलून खालच्या भांड्यातला गाळ काढायचा असतो.

आता तुंबतं कशाने ते पाहू. भाताची शितं आणि चहाचा चोथा दिसतात, म्हणून दोष त्यांच्यावर जातो. पण त्यांना धरून ठेवणारा चिकट थर तेला-तुपाचा असतो. तूप कढईत पातळ असलं तरी थंड नळीत गोठतं. बोअरवेलचं पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम तेलकटपणाशी मिळून पाण्यात न विरघळणारा साबण तयार करतं, आणि तो नळीला आतून लिंपला जातो. त्यावर परातीतली कणीक आली की लुकण तयार होतं. फराळाचं तळण झाल्यावर दिवाळीत सिंक तुंबतं ते याच कारणाने. कढई आधी कागदाने पुसून मग घासली तर यातलं बरंच टळतं.

ट्रॅपच्या आधी अडते ती जाळी. वाटीसारखी उचलायची जाळी अडकली की हात आपोआप सुरीकडे किंवा पेचकसाकडे जातो. तसं करू नये. जाळीच्या कडेखाली रबराचं वायसर असतं. ते कापलं गेलं की सिंकखाली थेंब पडू लागतात आणि ते कपाटाची फळी फुगल्यावरच लक्षात येतात. जाळी बहुधा दोन कारणांनी अडकते. सिंकमध्ये पाणी भरलेलं असेल तर त्याच्या वजनाने ती खाली ओढली जाते, म्हणून आधी पाणी उपसायचं. नंतर सरळ वर ओढण्याऐवजी लाकडी चमच्याच्या दांड्याने एकच कड उचलायची, म्हणजे हवा आत शिरते आणि जाळी सुटते. पाणी नसतानाही अडली असेल तर कडेला तेलकट थर किंवा क्षार साठलेले असतात. भांड्यांचा साबण आणि गरम पाणी कडेने सोडून दहा मिनिटं थांबायचं आणि जाळी डावी-उजवी हलवायची. पांढरट क्षार असतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवून मग धुवायचं. ओटा संगमरवरी असेल तर व्हिनेगर त्यावर सांडू द्यायचं नाही, डाग कायमचा राहतो.

मधोमध स्क्रू असलेली चपटी जाळी मात्र मावशींच्या कामात धरू नये. स्क्रू गंजलेला असला की तो सुटण्याऐवजी खालचं कपलिंगच त्याच्याबरोबर फिरतं आणि वायसर जागचं सरकतं. खालचा भाग धरायला दुसरं माणूस हवं.

गरम पाण्याबद्दलही एक मर्यादा सांगायला हवी. उकळतं पाणी सरळ ओतायची सवय सर्वत्र आहे. पण पीव्हीसीची नळी साधारण 60 अंशांपर्यंतच निर्धास्त वापरता येते. त्यापुढे ती मऊ पडते आणि जोड सैल होतात. कणकेवर उकळतं पाणी पडलं तर ती खळीसारखी शिजून आणखी घट्ट धरते. म्हणून अंश सांगण्यापेक्षा ‘अंघोळीच्या पाण्याहून थोडं जास्त गरम’ असं सांगितलं, आणि ते सगळ्यांना कळलं.

यानंतरचा मुद्दा कार्डाच्या अगदी वर हवा. सिंक तुंबलं की आदल्या रात्री घरातलं कोणीतरी नाली मोकळी करायची पावडर किंवा अ‍ॅसिड ओतून ठेवतं आणि सकाळी कामाला निघून जातं. अशा बऱ्याच पावडरींत कॉस्टिक सोडा असतो. पाण्याशी मिळताच तो तापतो, आणि तुंबलेल्या ट्रॅपमध्ये तसाच साठून राहतो. सकाळी आलेल्या मावशींना सिंकमध्ये फक्त गढूळ पाणी दिसतं. त्या पेला उघडतात आणि ते पाणी हातावर, कधी डोळ्यांत उडतं. रबरी पंप मारला तरी तेच होतं. अ‍ॅसिडवर कोणी ब्लीच ओतलं तर क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो. म्हणून कार्डाची पहिली ओळ मावशींनी वाचायची असली, तरी भरायची घरमालकाने: ‘आत काही टाकलं आहे का? हो / नाही. केव्हा?’ उत्तर ‘हो’ असेल किंवा जागा कोरी असेल, तर काम करायचं नाही. अंगावर उडालंच तर वाहत्या पाण्याखाली किमान 15 ते 20 मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर लावायचं नाही.

आता पाणी किती पडेल याचा हिशेब. सिंक आतून 50 बाय 40 सेंटीमीटर असेल आणि त्यात फक्त 5 सेंटीमीटर पाणी साचलं असेल, तरी ते 10 लिटर होतं. ट्रॅपखाली बसेल असं उथळ घमेलं एवढं पाणी धरू शकत नाही. म्हणूनच ‘आधी उपसा’ ही पायरी ‘पेला काढा’च्या आधी येते. उपसून झालं की उरतं ते नळीतलं आणि ट्रॅपमधलं थोडं पाणी, आणि ते घमेल्यात मावतं.

फिरवण्याची दिशा मी शेवटी घड्याळाशिवाय लिहिली: ‘पेल्याची तुमच्याकडची बाजू डाव्या हाताकडे न्या.’ समोर बसलेल्या बाईसाठी हे वाक्य नेहमी खरं असतं. पेल्यावरच तेलरंगाने तसा बाणही काढला. पुढच्या वेळी सिंक तुंबलं तेव्हा मावशींनी नव्या पेल्याशी कार्ड धरून पाहिलं, कोरड्या फडक्याने धरून फिरवला आणि तो सहज सुटला. आत कणकेचा गोळा होता, त्यात एक चमचा रुतलेला. पेला घासून, वायसर जागेवर आहे हे पाहून त्यांनी तो परत चढवला. चढवताना आधी थोडा उलटा फिरवायचा, आटे जुळले की हलका टक असा जाणवतो, आणि मगच घट्ट करायचा. आटे तिरके चढले तर कितीही आवळलं तरी गळतंच. पाना लावायचा नाही, हाताचा जोर पुरतो.

आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं कार्ड असं आहे:

1. आत काही टाकलं आहे का? हो / नाही. केव्हा? (घरच्यांनी भरायचं.) ‘हो’ असेल किंवा कोरं असेल तर काम करू नका.
2. रबरी हातमोजे घाला. सिंकमधलं पाणी मगाने बादलीत उपसा.
3. जाळीची एक कड लाकडी चमच्याने उचला. सुरी नको.
4. खाली घमेलं ठेवा. पेल्याची तुमच्याकडची बाजू डावीकडे न्या. हाताने सुटला नाही तर सोडून द्या.
5. गाळ कचऱ्यात टाका, सिंकमध्ये नको. वायसर बसवा, पेला उजवीकडे फिरवून हाताने घट्ट करा.
6. दोन पेले पाणी ओता. खाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद ठेवा. पाच मिनिटांनी कागद कोरडा असेल तर काम झालं.

शेवटच्या ओळीतले दोन पेले विसरू नयेत. ट्रॅप रिकामा राहिला तर गटाराचा वास घरात येतो.

प्रत्येक पायरीशेजारी चित्र आहे, कारण प्रत्येकीला वाचता येतंच असं नाही. खाली तीन ओळी ‘थांबा आणि फोन करा’ अशा आहेत: पेला स्वच्छ निघाला तरी पाणी उतरत नाही, सिंक वापरलं नसताना खालून पाणी वर येतं, किंवा वीस मिनिटं झाली. पहिल्यात अडथळा भिंतीतल्या नळीत असतो, दुसऱ्यात इमारतीच्या उभ्या पाईपमध्ये, आणि दोन्ही कामं प्लंबरची आहेत. तिसरी ओळ मावशींच्या वेळेसाठी आहे. त्यांना पुढच्या घरी वेळेवर पोचायचं असतं, आणि तुंबलेलं सिंक ठरलेल्या कामात नसतं. ते काम त्यांनी केलं तर त्याचे वेगळे पैसे द्यावेत.

या दिवाळीत तळण संपलं की सिंकचं कपाट उघडा, खाली बसा, तुमचा ट्रॅप कोणता ते पाहा आणि बाण काढा. मग कार्डाची पहिली ओळ स्वतःच्या हाताने भरा. घरात पावडर ओतली गेली की तिथे तारीख आणि वेळ लिहायचीच, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगा.