घशाला आराम, पण बीपीला त्रास! ज्येष्ठमध घेण्याआधी हे वाचा

थंडी सुरू झाली की घसा धरतो आणि घरातला डबा उघडून ज्येष्ठमधाची काडी बाहेर निघते. यालाच यष्टिमधु म्हणतात. काडी चघळली की गोड, चिकट रस घशाला लागतो, खवखव कमी होते आणि कोरडी ढास जरा थांबते. धडधाकट माणसाने दोन-चार दिवस एखादी काडी चघळली तर सहसा काही बिघडत नाही. पण घरात कुणाला बीपीची गोळी चालू असेल, तर थोडं थांबा.

बीपी का वाढतं?

ज्येष्ठमधाला गोडी येते ती ग्लायसिरायझिन या घटकामुळे. हा घटक पोटात गेला की मूत्रपिंडावर परिणाम करतो. शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम मात्र लघवीवाटे निघून जातं. मग बीपी चढतं. जेवणात मीठ कमी केलं असलं तरी हे होऊ शकतं.

किती म्हणजे जास्त?

समजा, आजोबा अर्धा चमचा पूड मधातून दिवसातून तीनदा घेतात. ही झाली साधारण साडेचार ग्रॅम. मुळीत हा घटक चार टक्के धरला, तरी रोज १८० मिलिग्रॅम पोटात जातो. निरोगी माणसानेही रोज १०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असं तज्ज्ञ सांगतात. त्यातून आजोबांना लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पोटॅशियम दोन्हीकडून घटतं. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना यात जास्त धोका आहे.

कसं ओळखायचं?

पायावर सूज, पिंडऱ्यांत गोळे, हातापायातली ताकद गेल्यासारखं वाटणं, डोकेदुखी, छातीत धडधड. यातलं काही दिसलं तर ज्येष्ठमध लगेच बंद करा आणि आरोग्य केंद्रात बीपी तपासून घ्या. काय, किती आणि किती दिवस घेतलं ते डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते रक्तातलं पोटॅशियम तपासायचं का ते ठरवतील. बंद केल्यावरही परिणाम एक-दोन आठवडे राहू शकतो. बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडले किंवा दम लागला तर थेट दवाखाना गाठा.

मग घशासाठी काय?

बीपी असलेल्यांनी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात, पण पाणी थुंकून टाकायचं, गिळायचं नाही. बाजारातल्या खोकल्याच्या गोळ्या आणि काढ्यांच्या वेष्टनावर 'यष्टिमधु', 'मुलेठी' किंवा 'ज्येष्ठमध' लिहिलंय का तेही बघा. गरोदर बायांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणखी एक. रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशा बीपीच्या गोळ्यांनीच काहींना कोरडा खोकला लागतो. तो ज्येष्ठमधाने जाणार नाही, गोळी बदलावी लागते. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर टिकला, तर घरचे उपाय सोडून थुंकीची तपासणी करून घ्या.