नाव गेलं, देणी राहिली

समजा, चाकणजवळ यंत्रांचे सुटे भाग बनवणारी तीन भागधारकांची एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती. 2013 साली मोठं गिऱ्हाईक तुटलं. मालकांनी यंत्रं विकली, कामगारांचा हिशोब मिटवला आणि शेडला कुलूप लावलं. त्यांच्या लेखी कंपनी बंद झाली. पण तिच्या नावावर दहा गुंठे जमीन होती, बँकेत आठ लाख रुपये होते आणि विक्रीकर खात्याची तीन लाखांची मागणी बाकी होती. त्यानंतर वार्षिक विवरणपत्रं कुणीच भरली नाहीत.

अशा कंपन्यांचं काय करायचं, ते कंपनी कायदा 2013 च्या कलम 248 मध्ये सांगितलं आहे. सलग दोन आर्थिक वर्षं व्यवसाय नसेल आणि कंपनीने सुप्त कंपनीचा अधिकृत दर्जाही मागितला नसेल, तर रजिस्ट्रार कंपनीला आणि संचालकांना नोटीस पाठवतात. उत्तरासाठी तीस दिवस मिळतात. उत्तर आलं नाही, तर जाहीर सूचना निघते आणि शेवटी राजपत्रात प्रसिद्धी होऊन नाव नोंदवहीतून काढलं जातं. 2017 मध्ये अशी दोन लाखांहून अधिक नावं निघाली आणि त्या कंपन्यांच्या खात्यांवर निर्बंध घालण्याच्या सूचना बँकांना गेल्या. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, तिथे कुणी नसतं. त्यामुळे मालकांना हे बहुधा बँकेत किंवा जमीन विकायला निघाल्यावरच कळतं.

आपली चाकणची कंपनीही त्यात गेली, असं धरू. आता तीन लाखांचं देणं संपलं का? नाही. नाव काढल्यावरही कंपनीची मालमत्ता तिच्या देण्यांसाठी उपलब्ध राहते आणि संचालक व सभासदांची जी जबाबदारी आधी होती तीही कायम राहते, असं कायदा स्पष्ट सांगतो. याचा अर्थ कंपनीचं प्रत्येक कर्ज मालकांच्या घरावर येतं असा नाही. भागधारक शेअरचे पैसे न भरलेले असतील तेवढ्यापुरताच बांधील असतो. संचालकांचं मात्र वेगळं आहे. खासगी कंपनीकडून न वसूल झालेला आयकर, हलगर्जीपणा आपला नव्हता हे सिद्ध करता आलं नाही, तर त्या काळच्या संचालकांकडून वसूल होऊ शकतो.

जमिनीचा पेच याहून अवघड आहे. सात-बारावर कंपनीचं नाव तसंच असतं, पण खरेदीखतावर सही कोण करणार? जुन्या संचालकाने केली तरी ज्या कंपनीच्या वतीने तो सही करतो तीच नोंदवहीत नाही, म्हणून जाणकार खरेदीदार मागे सरकतो. तिघा भागधारकांनी जमीन आपसांत वाटून घेणंही चालत नाही, कारण ती कधीच त्यांची नव्हती, कंपनीची होती. विसर्जित कंपनीची उरलेली मालमत्ता संविधानाच्या कलम 296 नुसार बेवारस म्हणून सरकारकडे जाते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने नरेंद्र बहादूर टंडन खटल्यात 1980 साली मांडलं आहे.

यातून सुटायचं तर कंपनी पुन्हा जिवंत करावी लागते. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, इथे मुंबई पीठाकडे, कलम 252 खाली अर्ज करायचा. रजिस्ट्रारच्या आदेशाविरुद्ध अपिलाला तीन वर्षांची मुदत आहे. पण कंपनी, सभासद, धनको किंवा कामगार यांना राजपत्रातील प्रसिद्धीपासून वीस वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. नाव काढलं तेव्हा कंपनी चालू होती, किंवा ती पुन्हा नोंदवणं न्याय्य आहे, हे न्यायाधिकरणाला पटावं लागतं. आपल्या कंपनीला पहिला मुद्दा मांडता येणार नाही, ती बंदच होती. तिचा आधार दुसरा: जमिनीचा उतारा, बँकेचं विवरण आणि कर फेडायची तयारी.

आदेश मिळाला की तो तीस दिवसांत रजिस्ट्रारकडे दाखल करायचा आणि राहिलेली सगळी विवरणपत्रं भरायची. इथेच खरा खर्च असतो. ताळेबंद आणि वार्षिक विवरण या दोन्ही फॉर्मना उशिराच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये लागतात. एकच फॉर्म पाच वर्षं राहिला, तर 1,82,500 रुपये. आणि दर वर्षाचे फॉर्म दोन. सरकारची सवलत योजना चालू नसेल, तर बँकेतले आठ लाख यातच संपतील. जमिनीची किंमत मोठी असेल तरच हा खटाटोप परवडतो.

म्हणून क्रम उलटा हवा. आधी जमीन विकायची, कर आणि देणी फेडायची, खातं बंद करायचं आणि मग पंचाहत्तर टक्के भागभांडवलाच्या संमतीने एसटीके-2 फॉर्म व दहा हजार रुपये शुल्क भरून नाव काढून घ्यायचं. मालमत्ता बरीच असेल, तर लिक्विडेटर नेमून ऐच्छिक परिसमापन करणं बरं, कारण देणी फेडून उरलेले पैसे भागधारकांना वाटण्याची रीतसर वाट तिथे आहे. आणि पुढे कधीतरी कंपनी चालवायचीच असेल, तर रजिस्ट्रारकडून सुप्त कंपनीचा दर्जा घ्यावा. वर्षाला एक साधं विवरणपत्र भरावं लागतं, पण जमीन कंपनीच्या नावावर राहते आणि विकायची वेळ आली तर सही करणारा माणूसही असतो.