तारे तेच, एअरबॅगा वेगळ्या

घरासाठी गाडी घेताना हल्ली ‘किती तारे?’ हा प्रश्न आधी येतो, आणि तो यायलाच हवा. फक्त ते तारे कोणत्या व्हेरियंटला मिळाले, हेही त्याच दमात विचारायला हवं. मारुती सुझुकी बलेनोच्या 2025 मधल्या भारत एनकॅप चाचणीत हे फार स्पष्ट दिसलं.

तेव्हा बलेनोच्या खालच्या व्हेरियंटमध्ये दोन एअरबॅगा होत्या आणि वरच्यांत सहा. मोठ्यांच्या सुरक्षेत दोन्हींना चार तारे मिळाले. 32 पैकी गुण मात्र वेगळे होते: सहा एअरबॅगांच्या गाडीला 26.52 आणि दोनवालीला 24.04. चार तारे 22 गुणांपासून मिळतात आणि पाचवा 27 वर, त्यामुळे दोन्ही गाड्या एकाच कप्प्यात बसल्या.

हे अडीच गुण कुठे गेले? समोरून आदळण्याच्या चाचणीत दोन्हींना सारखेच गुण मिळाले, कारण चालक आणि शेजारचा प्रवासी यांच्यासमोरची एअरबॅग दोन्हींत होती. सगळा फरक बाजूच्या धडकेत पडला. गाडीच्या पुढे बॉनेट आणि इंजिन असतं. ते चेपेपर्यंत शरीराला थोडा अवधी मिळतो. बाजूला मात्र माणूस आणि धडकणारं वाहन यांच्यामध्ये दाराची जाडी तेवढी असते. वाढीव चार एअरबॅगा याच बाजूसाठी आहेत: पुढच्या दोन सीटच्या कडेतून उघडून छाती-बरगड्या सांभाळणाऱ्या दोन, आणि छताच्या कडेवरून खिडकीवर पडद्यासारख्या उतरणाऱ्या दोन. मागे बसलेल्या आजीच्या किंवा नातवंडांच्या वाट्याला सहांपैकी फक्त हे पडदे येतात. म्हणून एअरबॅगांचा आकडा ऐकून थांबू नये, त्या कुठे आहेत तेही विचारावं. पुढे त्याच वर्षी कंपनीने बलेनोच्या सर्व व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅगा दिल्या. पण त्याआधी घेतलेल्या किंवा जुन्या बाजारातून येणाऱ्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न आजही विचारावाच लागतो.

एअरबॅग अपघात झाल्यावर कामाला येते, तर स्टॅबिलिटी कंट्रोल त्याच्या आधी. घाटातल्या ओल्या वळणावर स्टिअरिंग एकीकडे वळलंय आणि गाडी दुसरीकडे घसरतेय, हे सेन्सर ओळखतात आणि नेमक्या एखाद्या चाकाला ब्रेक लावून गाडी सावरतात. विक्रेता ‘एबीएस आहे ना’ म्हणाला तर तेवढ्यावर समाधान मानू नका. एबीएस जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ देत नाही. गाडी फिरू लागली तर ती सरळ करणं हे त्याचं काम नाही. ही यंत्रणा आहे की नाही हे सहज कळतं. इग्निशन चालू केल्यावर डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं, मागे दोन नागमोडी रेघा असलेलं पिवळं चिन्ह क्षणभर उजळून विझायला हवं.

मुलांच्या बाबतीत फसगत वेगळी असते. आयसोफिक्स म्हणजे मागच्या सीटच्या पाठ आणि बैठकीमधल्या फटीत, गाडीच्या सांगाड्याला पक्क्या केलेल्या दोन जाड धातूच्या कड्या. त्या एकमेकींपासून 28 सेंटिमीटरवर असतात आणि चाइल्ड सीटचे दोन हात त्यांत ‘खट्’ करून अडकतात. मात्र धडकेत सीट या दोन बिंदूंभोवती पुढे कलंडते. ते रोखण्यासाठी तिसरा आधार लागतो: सीटच्या माथ्यावरून मागे जाणारा पट्टा, म्हणजे टॉप टिदर, किंवा गाडीच्या तळावर टेकणारा पाय. टिदरची कडी बहुतेक गाड्यांत मागच्या सीटच्या पाठीमागे असते. डिकीतल्या सामान बांधायच्या कडीला हा पट्टा अडकवणं धोक्याचं आहे, कारण ती कडी तेवढा झटका सोसण्यासाठी बनवलेली नसते. आणखी एक गोष्ट प्रत्येक पालकाने कायम लक्षात ठेवावी. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट पुढच्या जागेवर चालू एअरबॅगसमोर कधीही लावू नये. एअरबॅग उघडताना ती थेट त्या सीटच्या पाठीवर, बाळाच्या डोक्यामागे आदळते.

शोरूममध्ये उभी असलेली आणि चालवून बघायला मिळणारी गाडी बऱ्याचदा टॉप व्हेरियंटची असते. म्हणून तपासणी तिच्यावर करून भागत नाही. आपल्या नावाची गाडी ताब्यात घेण्याआधी पुढच्या सीटच्या दाराकडच्या कडेला आणि खिडकीवरच्या खांबावर ‘एअरबॅग’ अशी इंग्रजी खूण आहे का ते पाहा. मागच्या सीटच्या फटीत बोटं घालून दोन्ही कड्या चाचपा. मग सीटची पाठ पुढे पाडून टिदरची कडी शोधा. यातलं काही कमी असेल तर नंतर बाजारातून बसवून घेता येत नाही, म्हणून बेस घ्यायचा की एक पायरी वर जायचं हे बुकिंगच्या वेळीच ठरवावं लागतं. अलॉय व्हील किंवा मोठी स्क्रीन मागाहूनही बसवता येते. आणि सीटमध्ये एअरबॅग असेल, तर सीट कव्हर निवडताना त्या कडेची शिवण एअरबॅगच्या दाबाने उसवेल अशीच आहे ना, याची खात्री करा. साधं, घट्ट कव्हर चढवलं तर पैसे मोजून घेतलेली ती एअरबॅग आतल्या आत अडकते.