‘पुढच्या बिलात वळते करू’ म्हणजे नेमके काय?

माल परत आला की आपल्याकडे ग्राहकाला बहुतेक एका ओळीची ईमेल जाते: “परत आलेल्या मालाचे पुढच्या बिलात ॲडजस्ट करू.” ओळ सभ्य आहे, पण तिच्यावरून दोन कचेऱ्यांत दोन वेगवेगळ्या वजाबाक्या होतात आणि वर्षअखेरीला खाती जुळत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. पुण्याच्या घाऊक विक्रेत्याने सांगलीच्या दुकानदाराला ४० सीलिंग फॅन १,५०० रुपये दराने दिले. किंमत ६०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १०,८००, एकूण ७०,८००. दुकानदाराने हे पैसे पूर्ण चुकते केले. नंतर सहा पंखे सदोष निघाले आणि परत आले. त्यांची क्रेडिट नोट किमतीचे ९,००० आणि कराचे १,६२० मिळून १०,६२० रुपयांची. पुढची ऑर्डर ३० पंख्यांची.

पहिला गैरसमज असा की पुढच्या बिलाची किंमतच कमी करायची. म्हणजे ४५,००० मधून ९,००० वजा करून ३६,००० वर कर लावायचा. गंमत अशी की एकूण रक्कम बरोबरच येते, ४२,४८०, आणि म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. पण बिलावर ३० पंखे आणि किंमत ३६,०००, म्हणजे पंखा १,२०० रुपयांना विकल्यासारखे दिसते. शिवाय क्रेडिट नोट विवरणपत्रात स्वतंत्रपणे दाखवली, की तोच कर दुसऱ्यांदा वजा होतो आणि विक्रेत्याने १,६२० रुपये कर कमी भरलेला असतो. काही जण तर करासकटची १०,६२० ही रक्कमच करपूर्व किमतीतून वजा करतात. मग बिल ४०,५६८ रुपये ४० पैशांचे होते आणि विक्रेत्याला १,९११ रुपये ६० पैशांची झळ बसते.

वस्तुस्थिती साधी आहे. नवे बिल पूर्ण किमतीचे आणि पूर्ण कराचे निघते: ४५,००० अधिक ८,१००, एकूण ५३,१००. क्रेडिट नोट बिलाला हात लावत नाही. ती फक्त द्यायच्या पैशांतून वजा होते.

ईमेल अशी हवी:

“नमस्कार साहेब, आपण ८ जुलैच्या बिल क्र. ११८ मधील ६ सदोष पंखे परत पाठवलेत, ते आम्हाला २० जुलैला मिळाले. त्यांची क्रेडिट नोट क्र. १४, दि. २२ जुलै, सोबत जोडली आहे: किंमत ९,०००, जीएसटी १,६२०, एकूण १०,६२० रुपये. बिल क्र. ११८ आपण पूर्ण चुकते केले असल्याने ही रक्कम आपल्या खात्यात जमा आहे. ५ ऑगस्टचे नवे बिल ५३,१०० रुपयांचेच असेल. त्यापोटी कृपया ४२,४८० रुपये पाठवावेत. ही नोट आम्ही जुलैच्या विवरणपत्रात दाखवत आहोत, आपणही १,६२० रुपयांचे क्रेडिट परतवावे.”

‘पूर्ण चुकते केले असल्याने’ हे शब्द मी मुद्दाम ठेवले आहेत. जुने बिल बाकी असेल तर ग्राहक बऱ्याचदा त्याचे पैसे देतानाच सहा पंख्यांचे पैसे कापून घेतो आणि ६०,१८० पाठवतो. मग पुढच्या बिलातून पुन्हा १०,६२० गेले, की वजावट दोनदा झाली. म्हणून ईमेल लिहिण्याआधी खतावणी उघडून जुने बिल कसे मिटले ते पाहावेच.

ईमेलच्या शेवटच्या वाक्यावर काही ग्राहक बिथरतात: “आमचे पैसे परत देता आणि वर कर भरायला लावता?” तसे नाही. त्यांनी पहिल्या बिलावर १०,८०० रुपयांचे इनपुट टॅक्स क्रेडिट घेतले असेल, तर परत गेलेल्या पंख्यांचा त्यातला वाटा त्यांचा राहत नाही. तेवढे १,६२० रुपये क्रेडिट नोटेतून त्यांना विक्रेत्याकडून मिळालेलेच असतात. क्रेडिट घेतलेच नसेल, तर परतवायचेही काही नाही.

“आम्ही डेबिट नोट पाठवली आहे, तुमची नोट कशाला?” हेही नेहमीचे. खरेदीदाराची डेबिट नोट त्याच्या हिशेबासाठी आणि मागणी नोंदवण्यासाठी ठीक आहे, पण तिच्यावर विक्रेत्याचा कर कमी होत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट विक्रेत्यानेच काढायची असते, आणि तिच्यावर मूळ बिलाचा क्रमांक व तारीख हवी.

आणि ‘सवडीने काढू’ हेही चालत नाही. बिल २०२५-२६ या आर्थिक वर्षातले असेल, तर करासहित क्रेडिट नोट विवरणपत्रात दाखवण्याची मुदत ३० नोव्हेंबर २०२६ किंवा त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरल्याची तारीख, यांपैकी जी आधी येईल ती. त्यानंतर ग्राहकाला पैसे सोडता येतात, पण भरलेला कर कमी करून मिळत नाही. मग ईमेलमधली नोट ९,००० ची की १०,६२० ची, हे दोघांना आधी बोलून ठरवावे लागते.