कोल्हापूरची बदली आणि हिंजवडीची नोकरी

गावी परतायचं की शहरातच राहायचं, हा नवरा-बायकोतला विषय बहुधा गणपतीत किंवा दिवाळीत निघतो. घर माणसांनी भरलेलं असतं, सुट्टी असते आणि पुण्यातली गर्दी आठवून जीव उबगतो. निर्णय घ्यायला मात्र याहून वाईट दिवस नाहीत.

एक जोडपं धरू. तो कोल्हापूरचा, पुण्यात सरकारी बँकेत लिपिक. आई-वडील सत्तरीला आलेले. ती नाशिकची, हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावंच लागतं. त्याला विनंती बदली मागता येते. मिळाली तर नोकरी तीच, शाखा नवी. तिला ती सोय नाही, आणि सुमारे २३० किलोमीटरची ये-जा आठवड्यातून तीनदा कुणालाच जमणार नाही. म्हणजे त्याचा फक्त पत्ता बदलतो, तिची मात्र नोकरीच पणाला लागते. हे न बोलता ‘तुला माझ्या आई-वडिलांची काळजीच नाही’ असं तो म्हणाला, की पुढे नुसतं भांडण.

म्हणून माझ्या मते वेळापत्रक तिच्या नोकरीवरून ठरावं. साहेबांचं तोंडी ‘चालेल’ धरून सामान बांधू नये, साहेब बदलतात. घरून काम करण्याची परवानगी एचआरकडून लेखी घ्यावी आणि त्यात कामाचं ठिकाण कोल्हापूर असं नोंदवून घ्यावं. पगार आणि बढतीवर काय परिणाम होईल, तेही तेव्हाच विचारावं.

परवानगी नाकारली आणि राजीनाम्याची भाषा सुरू झाली, तर आधी रुजू झाल्याची तारीख बघावी. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीचा हक्क साधारण पाच वर्षांनी मिळतो. हिशेबासाठी धरलेला मासिक पगार ५२ हजार असेल, तर वर्षाला १५ दिवसांप्रमाणे, महिन्याचे २६ दिवस धरून, ३० हजार होतात. पाच वर्षांचे दीड लाख. तिची सव्वाचार वर्षं झाली असतील, तर घाई कशाला?

परवानगी मिळालीच, तर महिनाभर राहून बघावं, पण जुलैसारख्या साध्या महिन्यात. तेव्हा खरा प्रश्न कळतो. सकाळी अकराला ती कॉलवर असते, दारात पाहुणे येतात आणि सासूबाई हाक मारतात, ‘अगं, चहा टाकतेस ना?’ त्यांचं चुकतं असं नाही. घरात असलेली सून त्यांच्या लेखी मोकळीच असते. हे त्यांना समजावून सांगण्याचं काम मुलाचं. तो बँकेत निघून गेला आणि बोलणं तिच्यावर पडलं, तर महिन्याभरात तिला पुणं आठवू लागतं. त्याच पेठेत वेगळा फ्लॅट भाड्याने घेतला, तर आई-वडील पाच मिनिटांवर राहतात आणि तिच्या खोलीचं दारही बंद होतं.

पुण्याचा फ्लॅट स्वतःचा असेल तर विकू नये, अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने द्यावा. कोल्हापूरचा करारही तेवढ्याच मुदतीचा करावा, म्हणजे दोन्ही एकाच महिन्यात संपतील आणि परत यायचं ठरलं तर स्वतःच्या घरात भाडेकरू बसलेला नसेल.