चार का, तीन का? कॅलिब्रेशन मीटिंगच्या नोंदीविषयी

आज आपण जो कागद बघणार आहोत, तो तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी पाहिलेला नसेल. पण तुमची पगारवाढ त्याच्यावर ठरलेली असते. मार्च संपला की एकेका विभागाचे तीनचार मॅनेजर एका खोलीत बसतात. प्रत्येकानं आपापल्या माणसांना रेटिंग दिलेलं असतं, ती सगळी शेजारी शेजारी मांडतात आणि जुळवून बघतात. याला कॅलिब्रेशन म्हणतात. शब्द मोजमापाच्या साधनांकडून घेतलाय. दोन दुकानांतले काटे बरोबर आहेत का हे बघायचं, तर दोन्हींवर एकच प्रमाणित वजन ठेवावं लागतं. आमच्या खोलीत ते वजन म्हणजे त्या पदासाठी लिहिलेल्या अपेक्षा. आणि वजन खरंच ठेवलं की नुसतंच काट्याकडे बघून मान हलवली, हे नंतर कळतं ते फक्त मीटिंगच्या नोंदीवरून.

हे सगळं लागतंच कशाला, असं कुणी विचारेल. २००० साली स्क्युलेन, माउंट आणि गॉफ या तिघांनी मॅनेजरांच्या रेटिंगचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. हजारो लोकांची रेटिंग्ज तपासून त्यांना दिसलं की रेटिंगमधल्या फरकाचा निम्म्याहून जास्त भाग रेटिंग देणाऱ्याच्या स्वभावातून आणि सवयीतून येतो. म्हणजे तुमचा चारचा आकडा तुमच्याबद्दल जितकं सांगतो, त्याहून जास्त तुमच्या साहेबाबद्दल सांगतो. (हशा) हसू नका, यात वाईट हेतू लागतच नाही. जो माणूस रोज समोर दिसतो, त्याचं काम जास्त आठवतं, एवढं पुरतं.

आता दोन नोंदी वाचून दाखवतो. मी ज्या मीटिंगांत बसलो, तिथल्याच धाटणीच्या आहेत. पहिली: ‘अॅटिट्यूड उत्तम, कधीही फोन करा हजर असतो, टीमचा आधारस्तंभ. ४ कायम.’ दुसरी: ‘काम चांगलं, पण व्हिजिबिलिटी कमी. ३ योग्य.’ यांत काम कुठंय? पहिलीतून मॅनेजरची किती सोय होते ते कळतं. दुसरीतून मॅनेजरला किती दिसतं ते कळतं. शिवाय नाव झाकून ही वाक्यं टीममधल्या कुणाहीपुढे चिकटवली तरी चालतात. जी नोंद कुणालाही चालते, ती कुणाचंच रेटिंग सिद्ध करत नाही. हा तपास अगदी सोपा आहे, मीटिंग चालू असतानाच करता येतो.

ती दोन माणसं कोण होती ते सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. पैसे पाठवण्याची प्रणाली सांभाळणारा विभाग, तीन मॅनेजर, १९ माणसं, एक ते पाचची पट्टी. दोघंही सीनियर इंजिनियर. एकाला आपण रात्रवाला म्हणू. वर्षात ११ रात्री प्रणाली बंद पडली, अकराही वेळा त्यानं उठून ती सुरू केली. दुसरी ताळमेळवाली. बँकेकडचा हिशेब आणि आपला हिशेब जुळवणारा भाग तिच्याकडे. ती एप्रिल ते सप्टेंबर कामावर होती आणि नंतर २६ आठवडे रजेवर. मॅनेजरनं रात्रवाल्याला चार दिले होते, तिला तीन. वर म्हणाला, ‘तीसुद्धा चांगली आहे हो, पण अर्धंच वर्ष होती ना.’

इथे दुसऱ्या टीमच्या मॅनेजरबाईंनी अपेक्षांचा कागद पुढे ओढला. सीनियर इंजिनियरसाठी त्यात एक ओळ होती: आपल्या भागाची पूर्ण जबाबदारी घेतो आणि झालेला बिघाड परत होणार नाही अशी व्यवस्था करतो. मग त्यांनी विचारलं, ‘त्या ११ रात्री बंद काय पडलं होतं?’ बिघाडाची तिकिटं उघडली. त्यांतली सात रात्रवाल्याच्या स्वतःच्याच भागातली निघाली, आणि एकच कारण पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी त्यानं प्रणाली चालू केली, पण मूळ दुरुस्ती केलेली नव्हती. उरलेल्या चार रात्री मात्र दुसऱ्या टीमची चूक होती आणि त्यानं ती निस्तरली होती. हेही तितकंच खरं, म्हणून तेही लिहायचं.

मग ताळमेळवाली. तिनं पहिल्या तीन महिन्यांत हिशेब जुळवण्याची पद्धत बदलली होती. आधी महिन्याला चाळीसेक व्यवहार जुळत नसत आणि दोन माणसं ते हातानं शोधत बसत. बदलानंतर ते तीनचारवर आले. खरा पुरावा त्याच्या पुढचा आहे. ती रजेवर गेल्यावरही आकडा तीनचारच राहिला आणि त्या भागासाठी एकदाही कुणाला रात्री उठावं लागलं नाही. तिची गैरहजेरीच तिच्या कामाचा दाखला होती. मॅनेजरला ते आठवत नव्हतं, कारण काम झालं जूनमध्ये आणि आम्ही बोलत होतो एप्रिलमध्ये. शेवटची तिमाही डोळ्यांसमोर असते, पहिली पुसट होते.

आता नोंद कशी लिहिली ते बघा. रात्रवाल्याची अशी: ‘आणलेलं रेटिंग ४, ठरलेलं ३. आधार: ११ बिघाड वेळेत सुरळीत केले. त्यांतले ७ स्वतःच्या भागात, एकाच कारणानं, मूळ दुरुस्ती झाली नाही. ४ इतरांच्या भागातले, ही मदत अपेक्षेपेक्षा जास्त. शंका: रात्रीच्या कष्टांचं मोल होत नाही का? उत्तर: रात्रपाळीचा भत्ता वेगळा मिळतो. या पदाची अपेक्षा बिघाड थांबवण्याची आहे. मॅनेजरचं मत: ४ हवे होते, निर्णय मान्य.’

आणि तिची: ‘आणलेलं रेटिंग ३, ठरलेलं ४. उपलब्ध कालावधी २६ आठवडे, मूल्यमापन त्याच कालावधीचं. आधार: न जुळणारे व्यवहार महिन्याला सुमारे ४० वरून ३-४ वर, पुढचे सहा महिने टिकले. शंका: अर्ध्या वर्षाला ४ देता येतात का? उत्तर: अपेक्षा कामाच्या दर्जाची आहे, महिन्यांच्या संख्येची नाही.’

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल, रजा कशाची ते तिच्या नोंदीत नाही. मुद्दामच नाही. २०१७च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं आहे. कारण कागदावर आलं की ते वाचणाऱ्याच्या मनात काम करू लागतं. रेटिंगला लागतो तो फक्त कालावधी. आजारपणाचंही तेच.

आणि शंका घेतली गेली हे लिहायचं, त्यावर मॅनेजर काय म्हणाला तेही लिहायचं. ज्या नोंदीत सगळे पहिल्यापासून एकमतानं बोलतात, तिथे बहुधा चर्चा झालेलीच नसते.

इथे थांबलो असतो तर मात्र अन्याय झाला असता. रात्रवाल्याला आपण एक निकष लावला: स्वतःच्या भागातला तोच बिघाड परत परत झाला का? मग तो बाकीच्या सीनियरांना लावला का? त्या १९ जणांत आणखी तिघं सीनियर रात्री उठणारे होते आणि दोघांचे चार आधीच कायम होऊन गेले होते. आम्ही मागे गेलो. एकाचं टिकलं, एकाचं तीन झालं. त्या मॅनेजरला ते आवडलं नाही. पण कुणा एकासाठी काढलेलं कारण बाकीच्यांना लागत नसेल, तर ते कारण नव्हे, निमित्त. म्हणून निकष नवा निघाला की तो नोंदीच्या वरच्या बाजूला लिहून ठेवायचा, आणि कुणाकुणाला लावून पाहिला ते त्याच्यापुढे.

वेळही टाकायची. आमच्याकडे पहिल्या पाच जणांना ७० मिनिटं गेली आणि शेवटच्या सहांना मिळून १५. जेवणाची वेळ झाली होती. (हशा) शेवटच्या सहांत कुणावर अन्याय झाला का, सांगता येत नाही. पण १५ मिनिटांत सहा माणसांची तिकिटं कुणी उघडली नसणार, एवढं नक्की. ते सहा जण दुसऱ्या दिवशी परत घेतले, कारण वेळ लिहिलेली होती.

आता सगळ्यात अवघड जागा. वरून टक्केवारी आलेली असते: चारच्या वर इतकेच जण. मायक्रोसॉफ्टनं माणसांना असं ठरावीक कप्प्यांत बसवणं २०१३ साली सोडलं, तरी अनेक ठिकाणी ते या ना त्या रूपात चालू आहे. समजा, चारला पात्र असलेल्या एकाला टक्केवारीसाठी तीन द्यावे लागले. नोंदीत काय लिहाल? मोह असा होतो की एखादी उणीव शोधायची: ‘संवादकौशल्य वाढवायला वाव.’ माझं स्पष्ट मत आहे, हे लिहू नका. लिहा: ‘कामावरून ४ ला पात्र, मर्यादेमुळे ३.’ एचआरला ते रुचत नाही, मला ठाऊक आहे. पण खोटी उणीव लिहिलीत, तर तीच त्या माणसाला सांगितली जाईल. तो वर्षभर संवादकौशल्याचे कोर्स करत बसेल, आणि पुढच्या एप्रिलला नवा मॅनेजर जुनी नोंद वाचून म्हणेल, याला बोलता येत नाही म्हणे.

आणि या कागदाची एक मर्यादा. चांगलं काम मुळात कुणाच्या वाट्याला आलं, हे तो दुरुस्त करू शकत नाही. लाडक्याला जानेवारीतच मोठा प्रकल्प मिळाला असेल, तर एप्रिलमध्ये त्याचा पुरावा आपोआप भक्कम दिसणार. आम्ही आधाराच्या ओळीत दोन शब्द वाढवले: काम स्वतः शोधलं की दिलं गेलं. दोन वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर एका टीममध्ये मोठी कामं त्याच दोघांना गेलेली दिसली. त्यावर जे काही करायचं ते कामं वाटतानाच करावं लागतं.

जाता जाता रात्रवाल्याचं सांगतो. मॅनेजरनं त्याला बोलावून त्याच्यापुरती नोंद वाचून दाखवली, इतरांची नाही. तो चिडला. म्हणाला, ‘सात नाहीत, सहा. सप्टेंबरचा बिघाड माझा नव्हता, नेटवर्कचा होता.’ तिकीट पुन्हा उघडलं. त्याचं बरोबर होतं. नोंदीत सातचे सहा केले, खाली तारीख टाकून दुरुस्ती लिहिली. रेटिंग तीनच राहिलं. त्यानंतर त्यानं मॅनेजरकडे मागितले ते त्या सहा रात्रींमागचा एकच दोष मुळापासून काढायला तीन आठवडे, आणि ते त्याला मिळाले.

प्रश्न असतील तर घेऊ या.